ल्युटीन-झिअ‍ॅझँथिनच्या गोळ्या, मॅक्युला आणि स्क्रीनचा ताण: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे, गेली बरीच वर्षं डोळ्याच्या पडद्याच्या ओपीडीत तपासणीचं काम करते. गोळ्यांच्या बाटलीचा फोटो पाठवून "ही घेऊ का?" असं विचारणारे मेसेज इतके येतात की एकदा सगळं नीट एकत्र लिहून काढलं. प्रश्न शक्यतो लोकांच्याच भाषेत ठेवलेत. तुमच्या डोळ्यांची तपासणी ज्यांनी केली आहे त्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू किंवा बंद करू नका.

१. ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिन हे नक्की काय असतं? औषध आहे का व्हिटॅमिन?

दोन्हीपैकी काहीच नाही खरं तर. ही वनस्पतींमधली पिवळी रंगद्रव्यं आहेत, गाजरातल्या बीटा कॅरोटीनच्या कुळातली. आपलं शरीर ती बनवू शकत नाही, खाण्यातूनच येतात, आणि गंमत अशी की रक्तात असे कितीतरी कॅरोटिनॉइड फिरत असताना डोळ्याचा पडदा त्यातून हे दोनच निवडून मॅक्युलात साठवतो. मॅक्युला म्हणजे पडद्याचा अगदी मधला भाग, ज्याने आपण वाचतो, सुईत दोरा ओवतो, चेहरे ओळखतो. तिथला पिवळेपणा यांचाच. तो निळा प्रकाश थोडा शोषून घेतो आणि पेशींवरचा ऑक्सिडेशनचा मारा कमी करतो. इथपर्यंत विज्ञान पक्कं आहे. पण "मॅक्युलात असतं" म्हणजे "गोळीने जास्त घातलं की डोळे जास्त चांगले" असं आपोआप होत नाही, आणि सगळा गोंधळ या एका उडीमुळे झालाय.

२. मॅक्युलर डीजनरेशन म्हणजे काय, आणि ते ड्राय-वेट काय असतं?

वयानुसार मॅक्युला झिजण्याचा हा आजार, त्याला एएमडी म्हणतात. साधारण पन्नाशीनंतर दिसायला लागतो. पडद्याच्या खाली पिवळट साका साचतो, त्याच्या ठिपक्यांना ड्रुसेन म्हणतात. अगदी बारीक ठिपके म्हातारपणी बऱ्याच जणांना असतात, तो आजार नाही. मध्यम आकाराचे झाले की सुरुवातीची पायरी. मोठे झाले, म्हणजे १२५ मायक्रॉन किंवा त्याहून जास्त, किंवा ठिपक्यांसोबत पडद्याचा रंग कुठे गडद कुठे फिका व्हायला लागला की मधली पायरी. या दोन्ही पायऱ्यांवर नजर बऱ्यापैकी चांगली असू शकते आणि त्यामुळेच लोक गाफील राहतात.

शेवटची पायरी दोन प्रकारची. एकात पडद्याचे तुकडे हळूहळू मरत जातात, ती ड्राय प्रकाराची पुढची अवस्था. दुसऱ्यात पडद्याखाली नको त्या नाजूक रक्तवाहिन्या उगवतात, त्यातून पाणी किंवा रक्त गळतं, आणि काही दिवसात नजर जाऊ शकते. हा वेट.

३. मग या गोळ्या नक्की कोणाला उपयोगी आहेत?

सरळ उत्तर: ज्यांना मधल्या पायरीचा एएमडी आहे, किंवा एका डोळ्यात शेवटची पायरी आलीय आणि दुसरा डोळा वाचवायचाय, त्यांना.

हे कुठून आलं ते सांगते, कारण जाहिराती नेमकं हेच गाळतात. अमेरिकेत एरेड्स नावाचा मोठा अभ्यास झाला, निकाल २००१ मध्ये आला. त्यात ल्युटीन नव्हतंच. व्हिटॅमिन सी, व्हिटॅमिन ई, बीटा कॅरोटीन, झिंक आणि कॉपर असं मिश्रण होतं. जास्त धोका असलेल्या लोकांमध्ये पाच वर्षांत आजार शेवटच्या पायरीवर जाण्याचं प्रमाण औषध नसलेल्या साध्या गोळीवर २८ टक्के होतं, या मिश्रणावर २० टक्के. म्हणजे धोका पावपट कमी झाला. सुरुवातीच्या पायरीतले लोक मात्र पाच वर्षांत जेमतेम १.३ टक्के पुढे गेले, त्यामुळे त्यांच्यात फायदा दिसला नाही.

मग २०१३ मध्ये एरेड्स-२ चे निकाल आले. तिथे त्याच मिश्रणात १० मिलिग्रॅम ल्युटीन आणि २ मिलिग्रॅम झिअ‍ॅझँथिन वाढवून पाहिलं. मुख्य प्रश्नाचं उत्तर आलं की जुन्या मिश्रणावर नुसती भर घालून ठळक जास्तीचा फायदा नाही. पण बीटा कॅरोटीन काढून त्या जागी हे दोन टाकले तर मिश्रण तेवढंच चांगलं, कदाचित थोडं सरस, आणि जास्त सुरक्षित ठरलं. दहा वर्षांचा पाठपुरावा २०२२ मध्ये छापून आला त्यातही ल्युटीनवाल्यांमध्ये आजार पुढे जाण्याचा धोका बीटा कॅरोटीनवाल्यांपेक्षा साधारण १५ टक्के कमी होता. म्हणजे ल्युटीनची खरी कामगिरी ही की त्याने मिश्रणातला धोक्याचा घटक बाहेर काढला. धोका कसला, ते प्रश्न ८ मध्ये.

४. आईच्या रिपोर्टवर "ड्रुसेन" लिहिलंय, गोळ्या सुरू करू का?

नुसत्या त्या एका शब्दावर नाही ठरत. डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: ठिपके मोठे आहेत का, आणि रंगद्रव्यात बदल आहे का, प्रत्येक डोळ्यात वेगवेगळं. एरेड्समधूनच निघालेली एक सोपी गुणपद्धत आहे. मोठे ड्रुसेन असलेल्या प्रत्येक डोळ्याचा एक गुण, रंगातला बदल असलेल्या प्रत्येक डोळ्याचा एक गुण. बेरीज शून्य ते चार. पाच वर्षांत शेवटची पायरी येण्याची शक्यता शून्य गुणांना अर्धा टक्का, एकाला ३, दोनला १२, तीनला २५ आणि चारला ५० टक्के.

आता समजा आई ६८ वर्षांच्या आहेत, दोन्ही डोळ्यांत मोठे ड्रुसेन आहेत, म्हणजे दोन गुण, आणि उजव्या डोळ्यात रंगात बदल आहे, तो एक. झाले तीन. अशा १०० जणी घेतल्या तर गोळ्यांशिवाय पाच वर्षांत २५ जणी पुढे जातील. गोळ्यांनी पावपट घट धरली तर साधारण १९. म्हणजे सहा जणींचा आजार त्या काळात थोपवला गेला, १९ जणींचा गोळ्या घेऊनही पुढे गेला, आणि ७५ जणींचा तसाही गेला नसता. हा हिशोब ढोबळ आहे पण नातेवाईकांना मी हाच मांडून दाखवते. सहा जणी ही छोटी गोष्ट नाही, वाचता येणं टिकणं म्हणजे काय ते रोज बघते मी. पण जादूही नाही, हे आधी कळलेलं बरं.

आणि गुण शून्य आला, म्हणजे फक्त बारीक ठिपके? मग गोळ्या नकोत. ठरल्या वेळी तपासणी करायची.

५. फक्त ल्युटीनची गोळी घेतली तर? ते झिंक-बिंक कशाला पाहिजे?

एएमडीसाठी घेत असाल तर पूर्ण मिश्रणच हवं, कारण पुरावा त्याचाच आहे. दिवसाला एकूण व्हिटॅमिन सी ५०० मिलिग्रॅम, व्हिटॅमिन ई ४०० युनिट, झिंक ८० मिलिग्रॅम, कॉपर २ मिलिग्रॅम, ल्युटीन १० आणि झिअ‍ॅझँथिन २ मिलिग्रॅम. कॉपर डोळ्यासाठी नाहीये, इतकं झिंक पोटात गेलं की कॉपर कमी पडून अ‍ॅनिमिया होऊ शकतो म्हणून टाकलंय. त्यामुळे झिंक असलेल्या गोळीत कॉपर नसेल तर मी ती बाजूलाच ठेवायला सांगते. ८० ऐवजी २५ मिलिग्रॅम झिंकही एरेड्स-२ मध्ये तपासलं होतं, दोघांत ठळक फरक दिसला नाही, त्यामुळे पोटाला त्रास होणाऱ्यांसाठी डॉक्टर कमी झिंकचा विचार करू शकतात.

ओमेगा-३ पण बऱ्याच गोळ्यांत मिरवत असतं. एरेड्स-२ मध्ये त्याने एएमडीत काही फरक पडला नाही.

६. बाटलीवर "ल्युटीन १०० मिलिग्रॅम" लिहिलंय, म्हणजे दहापट पॉवरफुल ना?

बहुतेक नाही! नीट वाचा, पुढे बारीक अक्षरात "१० टक्के" असं असेल. म्हणजे १०० मिलिग्रॅम पावडर, तिच्यात ल्युटीन १० मिलिग्रॅम. उलटंही होतं, "१० मिलिग्रॅम, १० टक्के" म्हणजे हातात आलं फक्त १ मिलिग्रॅम. टक्के लिहिले असतील तर गुणाकार करून बघा.

दुसरी मेख "एस्टर" या शब्दाची. गोळ्यांतलं ल्युटीन बहुतेक झेंडूच्या फुलांपासून काढतात आणि फुलात ते फॅटी अ‍ॅसिडला जोडलेलं असतं. लेबलवर ल्युटीन एस्टर २० मिलिग्रॅम असेल तर प्रत्यक्ष ल्युटीन साधारण त्याच्या निम्मं. आणि तिसरं, छापलेले आकडे एका कॅप्सूलचे आहेत का दोनचे ते बघा, पुष्कळ जण अर्धाच डोस वर्षानुवर्षं घेत असतात.

गोळी जेवणासोबत घ्या, जेवणात थोडं तेल-तूप हवं. ही रंगद्रव्यं चरबीत विरघळतात, आणि झिंक उपाशीपोटी घेतलं की मळमळतं.

७. किती दिवसांत नजर सुधारेल?

सुधारणार नाही. हे सगळ्यात जास्त वेळा सांगावं लागतं. या गोळ्या आजार पुढे जाण्याचा वेग कमी करतात, गेलेली नजर परत आणत नाहीत, ड्रुसेन पुसत नाहीत, चष्म्याचा नंबर घालवत नाहीत. काम करतायत का हे तुम्हाला स्वतःला जाणवूच शकत नाही, कारण न घडलेली गोष्ट दिसत नाही ना. मोतीबिंदूचं म्हणाल तर एरेड्स-२ मध्ये ल्युटीनमुळे एकूणात ऑपरेशनचं प्रमाण कमी झालं नाही.

८. वडील सिगरेट ओढायचे, आता सोडलीय. त्यांना चालतील?

चालतील, पण बीटा कॅरोटीन नसलेल्याच. आणि हे "आधी ओढायचे" वाल्यांनीच जास्त लक्षात ठेवायचं, कारण लोकांना वाटतं सोडली म्हणजे विषय संपला. एरेड्स-२ मध्ये बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर २ टक्के जणांना झाला, न घेणाऱ्यांत ०.९ टक्के, आणि ज्यांना झाला त्यातले बहुतेक जण सिगरेट सोडलेले होते. दहा वर्षांच्या पाठपुराव्यातही हा धोका जवळजवळ दुप्पट राहिला. ल्युटीनमुळे तो वाढला नाही. जुन्या फॉर्म्युल्याच्या गोळ्या अजून मिळतात, त्यामुळे लेबलवर बीटा कॅरोटीन किंवा व्हिटॅमिन ए शोधा, दिसलं तर डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका. आणि अजून ओढत असतील तर एएमडीसाठी सिगरेट सोडणं हा सगळ्यात मोठा उपाय आहे जो आपल्या हातात आहे.

९. वेट एएमडीची इंजेक्शनं चालू आहेत. गोळ्या घेतल्या तर इंजेक्शन टाळता येईल का?

नाही, अजिबात नाही. गळती थांबवायचं काम इंजेक्शनच करतं आणि त्याची तारीख चुकली तर त्या डोळ्याचं नुकसान होतं. माझ्या समोर एक आजोबा बसले होते, त्यांनी दोन इंजेक्शनं चुकवली होती कारण कोणीतरी सांगितलं होतं की डबल डोसच्या गोळ्यांनी भागतं. पुढच्या स्कॅनमध्ये पडद्याखाली पुन्हा पाणी होतं. गोळ्या असतात त्या दुसऱ्या डोळ्यासाठी, तिथे अजून मधली पायरी असेल तर.

घरी रोज एक करा, चौकटीचा अ‍ॅम्सलर तक्ता घ्या, वाचायचा चष्मा लावून साधारण ३० सेंटिमीटरवर धरा, एक डोळा झाका आणि मधल्या ठिपक्याकडे बघा, मग दुसऱ्या डोळ्याने तसंच. रेषा नव्याने वाकड्या दिसल्या किंवा मध्ये डाग आला तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता लगेच फोन करायचा.

१०. दोन्ही डोळ्यांत शेवटची पायरी आहे, मग घेण्यात काही अर्थ?

दोन्हीकडे मधोमध नुकसान होऊन गेलं असेल तर फायद्याचा पुरावा नाही. अपवाद एक आहे, ड्राय प्रकारातला मेलेला भाग अजून मध्यापर्यंत पोचलेला नसेल तर. एरेड्सच्या जुन्या फोटोंचं नव्याने विश्लेषण २०२४ मध्ये आलं, त्यात गोळ्या घेणाऱ्यांचा तो भाग मध्याकडे हळू सरकला असं दिसलं. मागे वळून केलेलं विश्लेषण आहे, त्यामुळे वजन थोडं कमी, पण डॉक्टरांशी बोलण्यासारखं नक्की आहे.

११. मी २९ वर्षांचा, रोज दहा तास लॅपटॉप. ल्युटीन घेऊ का?

स्क्रीनमुळे होणाऱ्या ताणासाठी नको. संध्याकाळी डोळे चुरचुरतात, जड होतात, धूसर दिसतं, हे सगळं खरंच होतं, मी ते खोटं म्हणत नाही. पण ते मॅक्युलात होत नाही. ते होतं डोळ्याच्या पुढच्या भागात आणि फोकस करणाऱ्या स्नायूंमध्ये, आणि ल्युटीन बसलंय मागे पडद्यावर.

एरवी आपण मिनिटाला साधारण १५ ते २० वेळा पापणी मिटतो, स्क्रीनकडे बघताना ते प्रमाण निम्म्याखाली येऊ शकतं, शिवाय पापणी अर्धवटच मिटते. अश्रूंचा थर मध्येच तुटतो आणि पृष्ठभाग कोरडा पडतो. आता स्वतःच तपासा. धूसर दिसल्यावर तीन-चार वेळा पूर्ण पापण्या मिटा, लगेच स्वच्छ झालं तर दोष कोरडेपणाचा. स्क्रीनवरून नजर उचलून लांब बघितलं आणि काही सेकंद लांबचं धूसर राहिलं तर स्नायू जवळच्या फोकसला अडकलाय. चाळिशी ओलांडली असेल आणि फोन लांब धरावासा वाटत असेल तर जवळचा चष्मा हवाय. आणि एक डोळा झाकल्यावर दुसऱ्याने सरळ रेष वाकडी दिसली तर तो स्क्रीनचा ताण नव्हे, पडदा तपासून घ्या.

उपायही त्याप्रमाणेच. नंबर तपासणे, स्क्रीन डोळ्यांच्या पातळीच्या थोडी खाली ठेवणे म्हणजे डोळा कमी उघडा राहतो, पंखा किंवा एसीचा झोत तोंडावर नको, दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघणे, आणि गरज पडली तर प्रिझर्वेटिव्ह नसलेले अश्रूंचे ड्रॉप.

१२. पण स्क्रीनचा निळा प्रकाश मॅक्युला जाळतो आणि ल्युटीन निळा प्रकाश शोषतं, मग?

या वाक्याचा दुसरा भाग खरा आहे म्हणूनच पहिला भाग खपतो. पेशींवर किंवा उंदरांवरच्या प्रयोगांत निळ्या प्रकाशाने इजा होते, पण तिथे प्रकाश फार तीव्र असतो. स्क्रीनमधून डोळ्यात पोचणारा निळा प्रकाश अगदी थोडा, ढगाळ दिवशी दुपारी बाहेर उभं राहिलात तरी त्याच्या कितीतरी पट जास्त मिळतो. स्क्रीन बघून एएमडी होतो असा पुरावा माणसांमध्ये नाही. झोपेआधी फोन लांब ठेवा म्हणतात ते बरोबर आहे, पण ते झोपेसाठी.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्यांचंही तेच. वैद्यकीय पुरावे पडताळणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ मध्ये १७ चाचण्या एकत्र तपासल्या, कॉम्प्युटरच्या कामात साध्या काचेपेक्षा त्याने डोळ्यांचा ताण बहुधा कमी होत नाही असा निष्कर्ष निघाला.

१३. मी तीन महिने ल्युटीन घेतलं, मला खरंच बरं वाटलं. ते खोटं का?

बरं वाटलं हे खोटं नाही. पण लोक गोळी सुरू करतात तेव्हा त्रास सगळ्यात जास्त असतो, आणि तो तसाही चढतो-उतरतो. त्याच वेळी चष्मा बदललेला असतो, ब्रेक घ्यायला सुरुवात झालेली असते. तरुणांवर काही छोट्या चाचण्या झाल्यात, काही डझन माणसं आणि काही महिने. त्यात मॅक्युलाचं रंगद्रव्य वाढलेलं दिसतं, चकाकीचा त्रास कमी झाल्याचंही काहींत दिसतं. पण एएमडीसाठी हजारो लोक वर्षानुवर्षं तपासले तसा पुरावा स्क्रीनच्या ताणासाठी नाही, आणि त्या जोरावर एखाद्या कोरड्या डोळ्याचा इलाज लांबला तर मला ते पटत नाही.

१४. बाबांना एएमडी आहे, मी ४२ ची, आत्तापासून घेतलं तर टळेल का?

टळतो असा पुरावा नाही, गोळ्या आजार सुरू होणं थांबवत नाहीत. तुमचा धोका इतरांपेक्षा जास्त आहे हे खरं, म्हणून बाहुली मोठी करून पडद्याची तपासणी डॉक्टर सांगतील तितक्या वेळा करा, आणि सिगरेट नको. खाण्यात हिरव्या पालेभाज्या, मका, अंड्याचा पिवळा बलक असू दे, पिवळ्या बलकात ल्युटीन कमी असलं तरी अंगी चांगलं लागतं. एरेड्स-२ मध्ये ज्यांच्या आहारात ल्युटीन सगळ्यात कमी होतं त्यांनाच गोळीचा जास्त फायदा दिसला होता. मधली पायरी असेल तर मात्र जेवणातून हे डोस, खास करून झिंक आणि व्हिटॅमिन ई, पुरे होत नाहीत.

१५. साइड इफेक्ट काय? बाकी औषधं चालू आहेत.

ल्युटीन स्वतः बऱ्यापैकी निरुपद्रवी, फार घेतलं तर त्वचा पिवळसर दिसू शकते. त्रास बाकीच्यांचा. जास्त झिंकने पोट बिघडतं, आणि एरेड्समध्ये झिंक घेणाऱ्यांना लघवीच्या तक्रारींसाठी हॉस्पिटलात भरती जास्त व्हावं लागलं, ७.५ टक्के विरुद्ध ५ टक्के. काही अँटिबायोटिक झिंकला चिकटून अंगी लागत नाहीत, त्यामुळे दोन्हींत अंतर ठेवावं लागतं. रक्त पातळ करायचं वॉरफेरिन चालू असेल तर व्हिटॅमिन ई आधी डॉक्टरांना विचारा. वरून मल्टिव्हिटॅमिनही घेत असाल तर दोन्ही लेबलं शेजारी ठेवून झिंक आणि ई ची बेरीज करा.

१६. माझ्या मुलाला लहान वयातच मॅक्युलाचा आजार आहे, स्टारगार्ट म्हणतात. त्यालाही याच गोळ्या?

थांबा, हा वेगळा आजार आहे. नाव ऐकायला एएमडीसारखं वाटतं पण हा जनुकातून येतो आणि त्यात व्हिटॅमिन ए चा निकाल नीट लागत नाही, त्याचा कचरा पडद्यात साचतो. म्हणून व्हिटॅमिन ए च्या जादा गोळ्या टाळायला सांगतात, आणि बीटा कॅरोटीनपासून शरीर व्हिटॅमिन ए बनवतं, त्यामुळे प्रश्न ८ मधला जुना फॉर्म्युला इथेही नको. ल्युटीन आणि झिअ‍ॅझँथिनचं व्हिटॅमिन ए होत नाही, पण त्याने स्टारगार्ट थांबतो असाही पुरावा नाही. घरातली "डोळ्यांची" प्रत्येक बाटली, मुलांचं मल्टिव्हिटॅमिनसुद्धा, त्याच्या रेटिनाच्या डॉक्टरांना दाखवून घ्या.